शेवटचा हात कोणाचा?



पायी वारी सुटून मला आता सहा वर्षे झाली. गुडघे ऐकत नाहीत, आवाजही पूर्वीसारखा वर चढत नाही, म्हणून कीर्तनालाही उभा राहत नाही. पण आमचे गाव पालखीच्या वाटेवर आहे आणि पालखी एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला असते. आमच्या आळीत सात-आठ दिंड्या उतरतात. मी वारीला जाऊ शकत नाही, तर वारीच माझ्या ओट्यापर्यंत येते, एवढी कृपा पुष्कळ झाली.

तीन वर्षांपूर्वी आळीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, पालखी गेल्यावर आम्ही आळी स्वच्छ करणार आहोत. फलकांवर लिहायला म्हणी हव्यात. खूप लहान हात एकत्र आले की मोठे काम होते, अशा अर्थाच्या." मला आनंद झाला. चाळीस वर्षे दृष्टान्त सांगून पोट भरलेल्या माणसाला म्हणी मागणे म्हणजे विहिरीला पाणी मागण्यासारखे. मी तिला भराभर सांगितले: थेंबे थेंबे तळे साचे. गाव करी ते राव न करी. खारीचा वाटा. तिने स्वतः एक लिहून आणली होती, एका हाताने टाळी वाजत नाही. ती मात्र मी खोडायला लावली. ही म्हण आपण भांडणाच्या वेळी वापरतो, दोष दोघांचा आहे असे सांगायला. ती झाडलोटीच्या फलकावर लावली असती तर माणसे हसली असती.

बाकीच्या तीन म्हणी फलकांवर गेल्या. त्यानंतर जे झाले ते तुम्हाला सांगायचे आहे, कारण त्या तीनही म्हणी खऱ्या असून आमचे काम मात्र खोटे ठरले. म्हण खरी आणि काम खोटे, हे कसे होते, एवढाच या लेखाचा विषय.

पालखी गुरुवारी पहाटे निघाली. सगळ्यांना सुट्टी असावी म्हणून आम्ही सफाई रविवारी ठेवली. ही पहिली चूक. तीन दिवस आषाढाचा पाऊस, गुरे, कुत्री आणि येणारी-जाणारी वाहने, सगळ्यांनी तो केर चिखलात कालवला. रविवारी ६० माणसे जमली. फलक जिथे लावले होते तिथेच सगळी उभी राहिली आणि तिथूनच झाडायला लागली. आळीचे एक टोक तीनदा झाडून झाले, दुसऱ्या टोकाला खराटा लागलाच नाही. शिळा भात, पत्रावळी, चहाचे पेले, पाण्याच्या बाटल्या, फुटलेली काच, हे सगळे एकाच पोत्यात गेले. ओला केर जड असतो. गच्च भरलेली पोती चौघांनाही उचलेनात. ओढत नेली तेव्हा फाटली. शेवटी आळीच्या कोपऱ्यावर एक मोठा ढीग झाला. त्याच्यापुढे उभे राहून सर्वांनी फोटो काढला, चहा झाला, "पुंडलिक वरदे" झाले आणि माणसे घरी गेली. गाडीचे कोणी कोणाला विचारलेच नव्हते. रात्री कुत्र्यांनी ढीग उसकटला.

सोमवारी सकाळी मी ओट्यावर जपाला बसलो होतो. आमची आळी रोज झाडणाऱ्या बाई त्या ढिगापाशी उभ्या होत्या. मी म्हटले, "काल साठ माणसं होती बघा." त्या म्हणाल्या, "होती ना महाराज. साठ माणसांनी गोळा केलं. उचलायला मी एकटीच." आणि त्यांनी पदर खोचला. पूर्वी त्या थोडा थोडा केर वाटेने उचलत जात. आता तोच केर काच मिसळलेला, कुजलेला, एका जागी डोंगर होऊन त्यांच्यापुढे पडला होता. आम्ही त्यांचे काम हलके करायला निघालो होतो आणि दुप्पट करून ठेवले.

त्या दिवशी माझा जप पुढे सरकला नाही.

उत्तरेकडच्या यात्रेकरूंच्या तोंडून ऐकलेली एक म्हण तेव्हा मला आठवली: दस की लाठी, एक का बोझ. दहा जणांनी एकेक काठी दिली, कोणालाच जड गेली नाही, पण एकाची मोळी भरली. गरजवंताला सगळ्यांनी थोडे थोडे दिले की त्याचे भागते, असा तिचा चांगला अर्थ आहे आणि मीही तो कीर्तनात सांगत आलो. त्या सोमवारी तीच म्हण मला उलटी ऐकू आली. दहा जणांची एकेक काठी, ओझे मात्र एकाच्या डोक्यावर.

वाचक माउली, आपल्या म्हणींचे हेच वैशिष्ट्य आहे. त्या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या असतात. पूर्वजांनी एका पारड्यात "गाव करी ते राव न करी" ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात "भागीचे घोडे किवणाने मेले" ठेवली. घोडे चौघांच्या मालकीचे. बसायला चौघेही हजर. खोगिराखाली पाठीला जखम झाली, ती धुवायची कोणी? प्रत्येकाला वाटले, दुसरा धुईल. जखमेत किवण झाली आणि घोडे मेले. यात एकही मालक दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे दाणेही घातले असतील. पण जखम कोणाच्याच वाट्यात लिहिलेली नव्हती.

मग शंका येते की, अनेक हातांनी काम सिद्धीस जाते ही म्हण खरी, की अनेक हातांत काम नासते ही खरी? हात तर दोन्हीकडे अनेकच आहेत. तेव्हा फरक हातांच्या संख्येत नसणार, दुसरीकडे कुठेतरी असणार. तो शोधायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या सप्ताहातच त्याचे उत्तर उभे आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नाही. एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, म्हणून पाळ्या लावतात. फळ्यावर कोणत्या तासाला कोण, हे नावानिशी लिहिलेले असते. रात्री दोनच्या पाळीचा माणूस डोळे चोळत येतो, आधीच्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि मगच आधीचा माणूस बसतो. समजा, पुढचा आलाच नाही. तेव्हा आधीचा माणूस "माझा तास झाला" म्हणून वीणा भिंतीला टेकवून घरी जातो का? जात नाही. तो उभाच राहतो. मी स्वतः एकदा तीन तास उभा राहिलो आहे आणि पुढच्याला मनात बरेच काही बोललोही आहे, पण वीणा खाली ठेवली नाही. कारण पहाऱ्याचा नियम तासाचा नसून हाताचा आहे. दुसऱ्या हातात गेल्याशिवाय आपला हात सुटत नाही.

भागीच्या घोड्याला आणि आमच्या रविवारच्या ढिगाला हाच नियम नव्हता. आम्ही ६० जणांनी आपापला वाटा केला आणि वीणा भिंतीला टेकवून घरी गेलो.

पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा आली तेव्हा मी म्हणी दिल्या नाहीत. म्हटले, आधी पहारा लावू. आम्ही त्या झाडणाऱ्या बाईंना ओट्यावर बोलावले. चहा दिला आणि विचारले, काम कसे करायचे ते तुम्ही सांगा. आयुष्य ज्या कामात गेले, त्यातले ज्ञान त्यांच्यापाशी होते. ते विचारायची बुद्धी आम्हाला एक वर्ष उशिरा झाली.

त्यांनी शेवटाकडून सुरुवात केली. पहिला प्रश्न त्यांचा असा की, गाडी कधी येणार आणि काय काय नेणार? ते मुकादमांना आधी विचारा, मग झाडायची वेळ ठरवा. त्याप्रमाणे पालखी निघाल्यावर त्याच सकाळी काम सुरू करायचे ठरले, कारण ओला केर एक दिवस जुना झाला की त्याचा वास आणि किडे दोन्ही वाढतात. सुट्टी नसलेली माणसे येणार नाहीत, हे आम्ही सोसले. ६० ची ४० झाली.

आळी साधारण ३०० पावलांची आहे. तिचे ५० पावलांचे सहा भाग केले आणि प्रत्येक भागाला चार माणसे नावानिशी लावली. बाई म्हणाल्या, "आधी खराटा घेऊ नका. आधी हाताने वेचा." हे आम्हाला कधी सुचले नसते. आधी झाडले की बाटल्या आणि पेले चिखलात मिसळतात, मग ते वेगळे निघत नाहीत. म्हणून चौघांपैकी दोघांनी हातमोजे घालून पुढे वेचत जायचे, एकाने सुके, एकाने ओले. काच आणि औषधाच्या सुया कोणी नुसत्या हाताने उचलायच्या नाहीत. त्यासाठी चिमटा आणि पत्र्याचा डबा वेगळा. मागून तिसऱ्याने खराटा मारायचा, चौथ्याने घमेल्यात भरायचे. धूळ असेल तर आधी पाण्याचा हलका शिडकावा. झाडताना गटारात काहीही ढकलायचे नाही. आषाढात गटार तुंबले की तोच केर पाण्याबरोबर घरांत येतो. आणि पोते निम्मेच भरायचे. दोघांनी सहज उचलावे इतके वजन, त्याहून जास्त नाही.

ओले काय आणि सुके काय, इथेही आमचा एक भ्रम त्यांनी दूर केला. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ कुजून खत होते. आता दिंड्यांत चकचकीत चंदेरी पत्रावळ असते. तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. चहाचा कागदी पेला कागदी म्हणतात खरा, पण आतून त्यालाही अस्तर असते. या दोन्ही वस्तू ओल्या केरात टाकल्या की शेतकरी ते खत घेत नाही. आमच्या इथल्या एका शेतकऱ्याने आपल्या खड्ड्यात ओला केर घ्यायचे कबूल केले होते, पण अट हीच, की त्यात एकही पेला निघता कामा नये.

सहा भागांत २४ माणसे लागली. आठ जण हातगाड्यांवर, चार जण चौकात पुन्हा निवडायला, दोघे पाण्याला आणि आम्ही दोन म्हातारे वही घेऊन चौकात खुर्चीवर. प्रत्येक भागातून किती पोती निघाली आणि गाडीत किती चढली, एवढेच लिहायचे. माणसांना वाटले, बुवांना बसायचे काम दिले. पण खरे-खोटे त्या वहीतच कळले. भागांतून ६३ पोती निघाल्याची नोंद झाली आणि गाडीत ६२ चढली. एक पोते कुठे गेले? तिसऱ्या भागातल्या मुलाने ते देवळाच्या मागे टेकवून ठेवले होते, "नंतर नेऊ" म्हणून. वही नसती तर तेच पोते रात्री कुत्र्यांनी फोडले असते आणि सकाळी पुन्हा बाईंच्या पुढ्यात आले असते. तो मुलगा पळत जाऊन पोते घेऊन आला. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे पोते तेच होते.

आता पुन्हा म्हणींकडे येऊ. खारीचा वाटा म्हटले की आपण नम्रतेने मान झुकवतो. "आपला काय, खारीचा वाटा." पण त्या लोककथेत खार करते काय? सेतूचे काम चालू असताना ती पाण्यात अंग भिजवते, वाळूत लोळते आणि सेतूवर जाऊन अंग झटकते. पुन्हा जाते, पुन्हा येते. म्हणजे ती वाळू किनाऱ्यावरच ढीग करून ठेवत नाही. जिथे लागणार तिथपर्यंत नेऊन पोचवते. वाटा लहान आहे, पण अर्धवट नाही. लहान असणे आणि अर्धवट असणे या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो आणि अर्धवटपणाला खारीचे नाव देतो.

जनाबाईंच्या कथेतही हेच आहे. देव तिच्या घरी झाडलोटीला आला, असे आपण प्रेमाने सांगतो. पण देव नुसता खराटा हातात धरून उभा राहिला नाही. गोळा झालेले त्याने डोक्यावर घेतले आणि लांब नेऊन टाकले. शेवटचा हात त्याने स्वतःकडे घेतला.

हा शेवटचा हात कोणाचा, हे आपल्या गावांनी शतकानुशतके जन्मावरून ठरवले. चोखोबांच्या घराण्याकडे मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले ते असेच. आपण महाद्वारासमोर त्यांच्या समाधीपुढे डोके टेकवतो आणि मग पंक्तीत उठताना पत्रावळ तिथेच सोडतो, ती कोण उचलतो हे न पाहता. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आम्ही कीर्तनकार त्यांचे रात्रीचे काम शिकलो, सकाळचे शिकलो नाही. हा दोष मी माझ्याच पदरात घालून घेतो.

राहिली पहिली म्हण, थेंबे थेंबे तळे साचे. तिचा विचार मी शेवटी ठेवला, कारण ती तुम्हा वारकऱ्यांसाठी आहे आणि थोडी टोचणारी आहे. ही म्हण झाडणाऱ्यासाठी जितकी खरी, तितकीच टाकणाऱ्यासाठीही खरी. आमच्या आळीतला डोंगर कोणा एका माणसाने केला नव्हता. तोही लहान लहान हातांनी मिळूनच केला होता. सात-आठ दिंड्यांतल्या प्रत्येक माउलीने एक पेला ठेवला, एक बाटली सोडली, एक पत्रावळ भिंतीकडे सरकवली, आणि प्रत्येकाच्या मनात एकच वाक्य होते की एका पेल्याने काय होते. जो माणूस म्हणतो, "माझ्या एका हाताने काय साफ होणार?" आणि जो म्हणतो, "माझ्या एका पेल्याने काय घाण होणार?" ते दोघे एकच चूक करतात. झाडताना माझा थेंब तळ्यात मोजायचा आणि टाकताना मोजायचा नाही, असा हिशेब चालत नाही.

कोणी म्हणेल, बुवा, वारकरी दमलेला असतो, पावसात भिजलेला असतो, पहाटे तीनला उठून चालायचे असते. त्याने पत्रावळ घेऊन केराची पेटी कुठे शोधायची? हे म्हणणे खोटे नाही. मी पन्नास वर्षे चाललो आहे, मला ते पाय ठाऊक आहेत. म्हणून मी प्रत्येक वारकऱ्याला खराटा घ्या म्हणत नाही. मी दिंडीला म्हणतो. आपल्या दिंडीत वीणा कोणाकडे, मृदंग कोणाकडे, तंबूचे सामान कोणाकडे, हे ठरलेले असते. तसे मुक्काम सोडताना जागा पाहून शेवटी निघणारे दोघे जण नावानिशी ठरवा. ओले एका पोत्यात, सुके एका पोत्यात, आणि ती पोती ज्या घरी उतरला त्या घरमालकाच्या हातात देऊन निघा. एवढेच. उरलेली दिंडी खुशाल पुढे जाऊ द्या.

आणखी एक रीत आपल्याकडे आहे. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती मात्र टाळ वाजवीत राहते; मग चोपदार तिकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकतात. हजारोंच्या शांततेत एका दिंडीचा टाळ ऐकायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. सोमवारच्या सकाळी ढिगापाशी उभ्या असलेल्या त्या बाईंचे वाक्य असाच टाळ होता. अनेक हात एकत्र आले की आवाज मोठा होतो, आणि त्या आवाजात शेवटच्या हाताचे म्हणणे बुडून जाते. ते ऐकू येते की नाही, एवढ्यावरून ओळखावे की गावाने काम केले की गावाने फक्त गर्दी केली.

यंदा ती मुलगी फलकासाठी पुन्हा विचारायला आली. मी म्हटले, दोनच लाव. आळीच्या सुरुवातीला "गाव करी ते राव न करी" आणि शेवटी, गाडी उभी राहते तिथे, "भागीचे घोडे किवणाने मेले". ती म्हणाली, "आजोबा, दुसरी वाचून लोकांना वाईट वाटेल." मी म्हटले, "वाटू दे. पोते उचलून झाल्यावर वाटणार नाही."

या वर्षी ४८ पोती झाली. सगळी गाडीत चढली. मागच्या वर्षीपेक्षा कमी झाली याचे कारण आमचे कष्ट नव्हेत. दोन दिंड्यांनी पळसाच्या पत्रावळी आणल्या होत्या आणि एका दिंडीने आपली पोती बांधून घराच्या उंबऱ्याशी ठेवली होती. त्या दिंडीचे नाव मी विचारले नाही.

बाई सोमवारी नेहमीप्रमाणे आळी झाडायला आल्या. ओट्यासमोर थांबून म्हणाल्या, "महाराज, आज लवकर घरी जाईन म्हणते."

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.